मदत हवी आहे: एचईआयसी फोटो तसेच ठेवू की जेपीईजी करू?

भाचीच्या लग्नाचे आयफोनवरचे सगळे फोटो `.heic` आहेत. दादांच्या विंडोज ७ वर ते उघडतच नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर जेपीईजी होतात, पण बारीक होऊन. डॉक्युमेंट म्हणून पाठवले की पुन्हा `.heic`च. पाठवण्यापुरती जेपीईजी प्रत काढेन, ते सोपं आहे.

काळजी मूळ फाइलींची. जेपीईजी १९९२ पासूनचं, सगळीकडे उघडतं. एचईआयसीच्या आतलं एचईव्हीसी कॉम्प्रेशन मात्र पेटंटच्या कचाट्यात. एचईआयसी उघडणारी `libheif` लायब्ररी ओपन सोर्स आहे, एवढाच दिलासा. सगळं जेपीईजी करावं तर पुन्हा कॉम्प्रेशन होणार, शिवाय पोर्ट्रेटमधली डेप्थची माहितीही बहुधा जाणार.

तीस वर्षांनीही फोटो उघडावेत म्हणून तुम्ही दोन्ही प्रती जपता का? जेपीईजीला क्वालिटी ९५ पुरते का?