प्रतिसाद: दुसऱ्या टप्प्याच्या फांदीवर कोणता आकडा?

«एकच चाचणी दोनदा केली आणि निकाल दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आले, तर संभाव्यतेच्या झाडाच्या आकृतीत दुसऱ्या फांदीवर पहिलेच आकडे पुन्हा लिहायचे का?»

प्रश्नात दोन्ही निकाल स्वतंत्र मानले असतील तरच लिहावेत; एरवी त्या फांदीवरची संभाव्यता पहिला निकाल धरूनच काढावी लागते. आपल्या नंदुरबारकडील सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी घेऊ. आकडे मात्र केवळ गणितासाठी मानलेले आहेत. समजा, १००० जणांपैकी १०० जणांत सिकल हिमोग्लोबिन आहे, रक्त मिसळल्यावर द्रावण गढूळ होते का हे पाहणारी सोल्युबिलिटी चाचणी त्यांपैकी ९० जण ओळखते आणि उरलेल्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५ जणांना, चुकून पॉझिटिव्ह ठरवते. पॉझिटिव्ह व्यक्तीत दोष असण्याची संभाव्यता ९०/१३५, म्हणजे दोन तृतीयांश झाली.

आता तीच चाचणी पुन्हा करून तेच आकडे गुणले, तर ९० पैकी ८१ आणि ४५ पैकी २.२५ उरतात व उत्तर थेट ९७ टक्क्यांवर जाते. परंतु त्या ४५ जणांचे द्रावण रक्तातील जास्त चरबीमुळे गढूळ झाले असेल, तर ते पुन्हाही गढूळच होईल, आणि संभाव्यता दोन तृतीयांशांच्या आसपासच राहील. माझ्या मते झाडाची आकृती काढताना सर्वाधिक फसगत इथेच होते. प्रत्यक्षात दुसऱ्या टप्प्यावर वेगळ्या तत्त्वावरची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करतात, ती यासाठीही.