मदत हवी आहे: रिझोल्यूशन प्लॅनचा एका पानात सारांश, आम्हाला 5 टक्के की 2 टक्के?

भोसरी_हिशेब
भोसरीत आमचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे, हिशेब मी बघते. एक जुना ग्राहक दिवाळखोरीत गेला, आता त्याची कंपनी नव्या मालकाकडे देऊन देणी भागवण्याचा प्लॅन मंजूर झालाय. मालकांना सोमवारी एका पानात हवंय: कोणाला किती, कधी, आणि कशावर अडलंय. एका तक्त्यात ऑपरेशनल क्रेडिटर्सना 2 कोटी, साधारण 5 टक्के दिसतात. परिशिष्टात 2 टक्के. आमचे 62 लाख अडकलेत. 3 लाख 10 हजार लिहू की 1 लाख 24 हजार? पैसे 30 दिवसांत मिळणार आहेत. लवकर सांगा, प्लीज.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
तुमच्या हातात प्लॅन आहे की तो मंजूर करणाऱ्या न्यायाधिकरणाचा, एनसीएलटीचा, आदेश? पुरवठादाराला सहसा प्लॅन मिळत नाही. आणि 62 लाख हा तुम्ही मागितलेला दावा की मान्य झालेला?

वाकड_फ्लॅट
ताई, आधी फॉर्म सीए भरा. आमच्या बिल्डरच्या वेळी उशीर केला त्यांचे हाल झाले.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
तो फॉर्म फ्लॅटधारकांचा. यांचा प्रश्न वेगळा आहे.

भोसरी_हिशेब
आदेशच आहे, 74 पानी. दावा 62 चा केला होता, मान्य 48 झाले. व्याज आणि एक वादातलं बिल कापलं.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
मग 5 की 2 हा घोळ कुठून आला ते बघा. त्या 2 कोटींत कामगारांचे पैसे धरलेत का?

भोसरी_हिशेब
हो! कामगार-कर्मचारी 1.20 कोटी मान्य, 1.20 कोटीच देणार. बाकी पुरवठादार 40 कोटी मान्य, 80 लाख मिळणार.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
झालं तर. 41.20 कोटींवर 2 कोटी म्हणजे साधारण 5 टक्के, पण तो आकडा तुमचा नाही. तुमच्या गटात 40 कोटींवर 80 लाख, म्हणजे 2 टक्के. 48 लाखांवर 96 हजार. कागदावरचा हेअरकट, म्हणजे बुडणारा हिस्सा, 98 टक्के. मालकांना 62 लाखांच्या हिशेबानेही सांगा, कारण पुस्तकात येणं तेवढं दिसतंय.

जयंत_सीए
98 टक्के मान्यच कसा केला? एस्सार स्टीलच्या दिवाळखोरीत बँका आणि पुरवठादार दोघांना सारखंच टक्केवारीने द्यायला लावलं होतं. अपील करा.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
ते अपिलीय न्यायाधिकरणाने जुलै 2019 मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रद्द केलं. बँकांइतकं मागता येत नाही. पुरवठादाराला किमान लिक्विडेशनमध्ये जे मिळालं असतं ते मिळायला हवं, आणि बँकांच्या आधी मिळायला हवं. तारण बँकांकडे असल्याने लिक्विडेशनमध्ये तुमच्या वाट्याला बहुतेक शून्यच येतं. अपिलाची मुदत 30 दिवस, फार तर 15 वाढवून मिळतात. आदेशाची तारीख आधी बघा.

जयंत_सीए
मुदतीचं मान्य. पण 98 टक्क्यांवर गप्प बसणं मला पटत नाही.

भोसरी_हिशेब
बँकांचं कसं लिहू? 400 कोटी मान्य, 120 कोटी मिळणार. 40 सुरुवातीला, 80 चौथ्या वर्षाअखेर.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
कागदावर 70 टक्के हेअरकट. पण 12 टक्के दराने बघितलं तर चार वर्षांनंतरचे 80 कोटी आज 51 च्या आसपास. म्हणजे बँकांनाही आजच्या किमतीत 91 कोटीच. दोन्ही आकडे लिहा आणि 12 टक्के हा दर तुमचा अंदाज आहे हेही लिहा.

जयंत_सीए
मालकांना बँकांच्या व्याजगणिताशी काय देणंघेणं? पान भरेल.

भोसरी_हिशेब
एका ओळीत लिहीन. पण आमचे पैसे मिळायचे 30 दिवस कधीपासून धरायचे? आदेशापासून ना?

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
व्याख्यांमध्ये 'इफेक्टिव्ह डेट', म्हणजे प्लॅन लागू होण्याची तारीख, शोधा. सगळं तिथे अडकतं.

भोसरी_हिशेब
सापडली, परिच्छेद 19. आदेशाला स्थगिती नसणं आणि प्रदूषण मंडळाची संमती नव्या मालकाच्या नावावर होणं, यातलं जे नंतर होईल ते. मी मात्र आदेशाच्या तारखेत 30 मिळवून तारीख लिहून ठेवली होती.

सुहास_इन्सॉल्व्हन्सी
ती खोडा. 'इफेक्टिव्ह डेटनंतर 30 दिवस, ती तारीख अजून ठरलेली नाही' असं लिहा. आता सवलतींचा भाग वाचा. स्टँप ड्युटी माफी, जुनी वीजबिलं वगैरे मागितलेलं असतं आणि न्यायाधिकरण बहुधा 'संबंधित खात्याकडे अर्ज करा' म्हणतं. त्यातलं काही इफेक्टिव्ह डेटला बांधलं असेल तर पुन्हा अडेल.

कोल्हापूर_फाउंड्री
आमच्या एका ग्राहकाचा प्लॅन मंजूर होऊनही दीड वर्ष पैसे आले नाहीत, खरेदीदारच पैसे आणू शकला नाही. खरेदीदाराने हमी म्हणून परफॉर्मन्स सिक्युरिटी किती ठेवलीय ते बघा. आणि ताई, त्या 62 लाखांवर भरलेला जीएसटी परत मिळतो का?

जयंत_सीए
बुडीत येण्यावर जीएसटी परत मिळत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा.

भोसरी_हिशेब
सिक्युरिटी 10 कोटींची बँक गॅरंटी दिसतेय, पण तिची मुदत कुठेच नाही. सवलतींची 6 पानं आहेत, पहिल्या दोनमध्ये इफेक्टिव्ह डेटचा उल्लेख नाही. बाकीची उद्या वाचून लिहिते. गॅरंटीची मुदत ही प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलला विचारली तर सांगतील का?