पोराने लिहिलं तसंच उतरवायचं, की नीट करून?

टिळकवाडीची आई: शाळेच्या अंकात माझ्या पहिलीतल्या लेकीची ओळ बाईंनी 'आज म ६ लड खल' अशी नावासकट छापली. तिला 'आजी, मी ३ लाडू खाल्ले' म्हणायचं होतं. नीट करून द्यायला काय झालं होतं? गल्लीभर हसं झालं.

खानापूरकर मास्तर: बाईंनी उतरवलं ते बरोबर आहे. ओळ परत बघा. ज, म, ल, ड, ख, ल सगळी अक्षरं ओळीनं आली आहेत, फक्त जोडाक्षरातला एक ल गळला. मात्रा मात्र एकही नाही. म्हणजे पोरगी व्यंजनं ऐकून लिहितेय, काना-वेलांटी अजून हातात नाही. पुढच्या महिन्यात 'लाड खाल' आलं की काना आला, उकार राहिला, हे कळेल. नीट केलेल्या ओळीतून काय कळणार? ३ उलटा झाला की ६ दिसतो. म्हणून ६ च छापायचा, आणि खाली वेगळ्या ओळीत तिनं वाचून दाखवलेलं लिहायचं. तेही त्याच वेळी विचारून, कारण उद्या तीच पोर तोच कागद वेगळा वाचते.

शहापूरवाला: मूळ दुखणं कुणी बोलत नाही. आमचा पोरगा 'दिवस' मधली वेलांटी द काढून झाल्यावर उजवीकडे काढतो. कन्नडात अक्षराच्या आधी काही येतच नाही, ती सवय मराठीत शिरालीय. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं शाळांत कन्नड सक्तीचं केलं, आणि मराठी शाळांत मास्तर नाहीत. यावर धागा काढा की!

निपाणीची सून: कन्नडला कशाला ओढता? माझ्या भावाचं पोर कोल्हापुरात, कन्नडचं अक्षर बघितलेलं नाही, तेही वेलांटी मागून काढतं. तोंडात द आधी येतो, इ नंतर, हात तसाच चालतो.

शहापूरवाला: तुमच्या एका पोरावरून आमचा प्रश्न संपला काय? सहासष्ट वर्षांचा माझा बाप अजून अर्जाच्या भाषेसाठी खेटे घालालाय.

खानापूरकर मास्तर: अर्जाचं दुखणं खरं आहे, पण वेलांटीचं कारण सूनबाई म्हणतात तेच. मराठी गावातली पोरंही असंच करतात.

शहापूरवाला: बरं, वेलांटी सोडली. सक्ती सोडणार नाही.

छापखानावाला, गणपत गल्ली: उजवीकडची वेलांटी टाइप करून दाखवा. द नंतर वेलांटी दिली की कॉम्प्युटर ती आपोआप द च्या आधी नेतो, 'दि' बरोबरच दिसतं. उलट्या ग ला तर टाइपच नाही. तसंच उतरवलं म्हणता, पण टाइप करताना चूक दुरुस्त होऊन बसते. कागदाचा फोटोच छापावा लागतो.

टिळकवाडीची आई: फोटो बाईंनी आपल्या वहीत ठेवावा, अभ्यास करावा. माझ्या लेकीचं नाव घालून वाटायला कुणी सांगितलं?

खानापूरकर मास्तर: नाव नको होतं. तेवढं तुमचं मान्य. ओळ मात्र मी तशीच ठेवली असती.

टिळकवाडीची आई: तुमची नात असती तरी?