मदत हवी आहे: २४ × १२ फुटी बॅकड्रॉपची मांडणी

नमस्कार. नागपुरातील आमच्या मंडळाच्या कोजागिरीच्या सांस्कृतिक कार्यक्रमासाठी २४ फूट रुंद व १२ फूट उंच फ्लेक्स लावायचा आहे. वरचा एक फूट झालरीआड जातो आणि कलावंत उभे राहिले की खालचे सहा फूट झाकले जातात, त्यामुळे खरी जागा मधल्या पाच फुटांचीच उरते.

शेवटची रांग ८० फुटांवर आहे. दर दहा फुटांना एक इंच या हिशेबाने आठ इंचांचे अक्षर पुरते. परंतु वेलांटी, मात्रा व उकार सोडून, शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतच मोजायचे असल्याने शीर्षक १८ इंचांचे ठेवावे, असे मला वाटते.

प्रश्न पाच प्रायोजकांच्या लोगोंचा आहे. तळाची पट्टी माणसांआड जाईल, म्हणून ते दोन्ही कडांना उभे लावावेत, की शीर्षकावर एका ओळीत? लोगोंची रुंदी सारखी ठेवली तर आडवे लोगो बुटके दिसतात. क्षेत्रफळ सारखे ठेवणे योग्य ठरेल का? शिवाय फ्लेक्सचा रोल दहा फुटी असल्यास आडवा जोड शीर्षकावर न येता तळाशी घ्यावा, हे छपाईवाल्यास कसे लिहून द्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.