मदत हवी आहे: तीन स्क्रीनशॉट, खरं स्वस्त तिकीट कोणतं?

आई-बाबांना पुणे-कोलकाता पाठवायचंय, वहिनीच्या बाळंतपणासाठी. तारीख पुढे-मागे होऊ शकते. प्रत्येकी साधारण १५ किलोची एक बॅग असेल आणि बाबांना मधुमेह असल्यामुळे वेळेवर खाणं लागतंच. तीन भाड्यांचे स्क्रीनशॉट काढलेत.

पहिलं ४,९०० रुपये, पण त्यात फक्त ७ किलोची हँडबॅग. बॅगेचे १,८०० आणि जेवणाचे ४०० धरले की ७,१००. दुसऱ्यात बॅग धरून ५,७००, जेवणासह ६,१००. तिसरं ६,६००, त्यात बॅग आणि जेवण दोन्ही. म्हणजे यादीत सगळ्यात वर दिसणारं तिकीट प्रत्यक्षात सगळ्यात महाग!

अडलंय ते तारीख बदलण्यापाशी. पहिल्या दोघांत बदलाचे माणशी ३,००० आणि वर भाड्यातला फरक. तिसऱ्यात बदलशुल्क शून्य, फक्त फरक भरायचा. आत्ता ५०० जास्त देऊन पुढचे ३,००० वाचतात, म्हणजे सहात एकदा जरी तारीख बदलायची शक्यता असेल तरी तिसरं परवडतं. आमच्याकडे शक्यता त्याहून बरीच जास्त आहे.

तरी दोन गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात. हे 'शून्य' उड्डाणाच्या किती दिवस आधीपर्यंत चालतं, ते स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. भाड्याच्या अटींत नेमकं कुठे बघायचं? आणि बुकिंग साइटवरून काढलं तर बदलताना ती साइट स्वतःचं वेगळं शुल्क लावते का? तसं असेल तर थेट विमान कंपनीकडूनच काढेन.