मदत हवी आहे: अंगठ्याची कातडी सोलायची सवय सुटूनच नाही राहिली

अभ्यासिकेतली_मी:
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढते आहे. मी नागपूरची, वय 26, खात्याच्या परीक्षेची तयारी चालू आहे त्यामुळे सकाळी 7 पासून दुपारपर्यंत अभ्यासिकेत असते. लहानपणी नखं खायची, ते दहावीनंतर आपोआप गेलं पण त्याच्या जागी आता उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी सोलायची सवय लागली आहे. वाचता वाचता कधी सुरू होतं ते कळत पण नाही, रक्त पुस्तकाला लागलं की तेव्हा समजतं. मागच्या आठवड्यात तर्री पोह्यावर लिंबू पिळलं आणि डोळ्यात पाणी आलं इतकं झोंबलं. आई म्हणते हात मार त्या हाताला, मैत्रीण म्हणते मनावर घे. रोज सकाळी मनावर घेते आणि दुपारी अंगठा पुन्हा लाल. हिवाळ्यात जास्त होतं कारण इथली हवा कोरडी, कातडी फाटते. कोणी यातून बाहेर आलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा.

रामदासपेठ_काकू:
अगं कडुलिंबाचं तेल लाव बोटाला. माझ्या भाच्याची नखं खायची सवय त्यानेच सुटली, 15 दिवसात. मेडिकलमध्ये कडू नेलपॉलिश पण मिळते.

विदर्भ_एक्सप्रेस:
एकदा रक्त तपासून घ्या ताई. मला पण पाय हलवायची सवय होती, परीक्षेच्या आधी फार व्हायचं, घरचे ओरडायचे. मी रोज सकाळी पळायला जायला लागलो आणि बरंच कमी झालं. तुम्ही पळून बघा.

अभ्यासिकेतली_मी:
काकू, कडू तेल लावून पाहिलं होतं, पण मी तोंडात घालतच नाही हो, दुसऱ्या बोटाच्या नखाने सोलते. भाऊ, रक्त मागच्याच महिन्यात तपासलं, सगळं बरोबर आहे.

शांत_हात:
काकूंचा उपाय नखं खाणाऱ्यासाठी चुकीचा नाही, कडू लागलं की हात तोंडाशी गेल्याचं कळतं, तेवढाच त्याचा उपयोग. सोलणाऱ्याला ती खूणच मिळत नाही. मी काउन्सेलिंगचं काम करते आणि कॉलेजात असताना स्वतः हेच भोगलं आहे म्हणून जरा लांब लिहिते, वाचशील.

आधी हे लक्षात घे की "नको करू" असं हाताला सांगून हात थांबत नाही, त्याला दुसरं काहीतरी करायला द्यावं लागतं. ही पद्धत अमेरिकेत 1973 साली अ‍ॅझरिन आणि नन या दोघांनी मांडली, हॅबिट रिव्हर्सल म्हणतात, आजही अशा सवयींसाठी आधी हीच शिकवतात.

पहिले चार दिवस थांबवायचा प्रयत्न करूच नको. वहीच्या शेवटच्या पानावर फक्त लिही: किती वाजता, काय करत होतीस, आणि सोलण्याच्या अगदी आधी हात काय करत होता. हे शेवटचं फार महत्त्वाचं. माझं असं निघालं होतं की कोपर टेबलावर टेकलं की तर्जनीचं टोक अंगठ्याच्या कडेवरून फिरायला लागायचं, खरखरीत जागा शोधायचं, ती सापडली की नख लागायचं, मग ओढणं. चार कड्यांची साखळी झाली ही. चौथ्या कडीवर कोणाच्याच्यानं थांबवणं होत नाही, दुसऱ्या कडीवर होतं, म्हणजे बोट नुसतं चाचपायला लागलं तेव्हाच.

त्या क्षणी अंगठा मुठीच्या आत घ्यायचा, मूठ हलकीच मिटायची आणि मांडीवर ठेवायची, साधारण एक मिनिट. आवळायची नाही, दुखेल. सोलताना हात जे करतो ते या अवस्थेत करताच येत नाही, आणि शेजारी बसलेल्याला काही कळत पण नाही. मिनिटभरात ती ओढ बहुतेक वेळा ओसरते, नाही ओसरली तर अजून एक मिनिट.

दुसरी गोष्ट म्हणजे ती खरखरीत जागाच राहू द्यायची नाही. सोललेली जागा भरते तेव्हा तिथे कडा सुटतात, बोटाला त्याच सापडतात, म्हणजे कालची जखम आजचं निमित्त होते. छोटा नेलकटर सोबत ठेव, कातडी सुटली तर ओढायची नाही, मुळाशी कापायची. हात धुतल्यावर आणि झोपताना व्हॅसलीन. अभ्यासिकेत जाताना अंगठ्याला कागदी मेडिकल टेप, त्याने कडा झाकली जाते आणि बोट टेपवर गेलं की खूण पण मिळते.

महाल_आई:
माझी मुलगी 9 वर्षांची आहे, टीव्ही बघताना केस बोटाला गुंडाळत राहते, मी रागावते तर अजूनच करते. तिला पण मूठ मिटायला सांगू का?

शांत_हात:
ताई, आधी रागावणं थांबवा, तिला बऱ्याचदा कळतच नसतं आणि ताण वाढला की हात पुन्हा तिकडेच जातो. टीव्हीसमोर बसताना वेणी घाला आणि हातात मऊ काहीतरी द्या, जुन्या सुती ओढणीचा तुकडा पण चालतो, केसांसारखा बोटाला गुंडाळता येतो. दोघींनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा, तो हळूच म्हणायचा. नुसतं गुंडाळणं असेल तर एवढ्यात घाबरू नका. पण केस तुटून विरळ जागा दिसली, किंवा ती केस तोंडात घालून गिळते असं वाटलं तर डॉक्टरांकडे न्या, पोटात केसांचा गोळा होऊ शकतो.

विदर्भ_एक्सप्रेस:
मग ते दाबायचे बॉल मिळतात ते घ्या ना, हातात राहिला की झालं.

शांत_हात:
हातात असला तर चालतो भाऊ, पण बहुतेक वेळा तो बॅगमध्येच राहतो. मूठ कायम सोबत असते म्हणून ती आधी शिकवतात.

अभ्यासिकेतली_मी:
12 दिवसांनी लिहिते आहे. चार दिवस लिहिलं तेव्हा कळलं की माझं सगळ्यात जास्त सकाळी 11 नंतर होतं, गणिताचा पेपर सोडवताना, आणि दर वेळी डाव्या हातावर डोकं टेकवलेलं आणि उजव्या हातात पेन नसतं तेव्हा. म्हणून आता विचार करताना पण पेन खाली ठेवत नाही, आणि बोट चाचपायला लागलं की मूठ. पहिल्या दिवशी 14 वेळा मूठ करावी लागली, काल 5. तीन दिवस रक्त नाही आलं. मध्ये एकदा टेप विसरली आणि त्याच दिवशी खोल सोललं. दुसऱ्या दिवशी नखाच्या कडेला लाल आणि ठणका.

रामदासपेठ_काकू:
नखुरडं होईल बाई! हळद लाव.

शांत_हात:
कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा 10-15 मिनिटं बोट बुडव. सूज वाढली, पू दिसला, ताप आला किंवा लाली बोटावर वर चढायला लागली तर हळदीवर थांबू नको, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

अभ्यासिकेतली_मी:
दोन दिवसात उतरलं, धन्यवाद. पण एक अजून सुटत नाही. रात्री अंथरुणात मोबाईल बघताना उजव्या हातात मोबाईल असतो आणि अंगठ्याने स्क्रीन सरकवायची असते, तेव्हा मूठ जमतच नाही आणि आता डाव्या हाताची तर्जनी त्या कामाला लागून राहिली आहे. तिथे काय करू?

शांत_हात:
सवय हात बदलते, माझं पण झालं होतं. डाव्या हाताने उशीचा कोपरा धरून बघ. माझ्या बाबतीत त्याने अर्धंच काम झालं, शेवटी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा लागला. तुला तेवढं लागेल की नाही ते तू आठवडाभर लिहून सांग.

महाल_आई:
आमचा खुणेचा शब्द "गोगलगाय" ठरला, तिनेच ठरवला. काल तीने मलाच म्हटला, मी ओठाची साल काढत होती.