मदत हवी आहे: ब्रह्मगिरी फेरीला नक्की किती तास धरायचे?

नमस्कार मंडळी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करायचं ठरतंय, छोटी म्हणजे २० किमी वाली. मी, बायको आणि आई (वय ६३, रोज तासभर चालते, गुडघे ठीक). दुपारी १२ पर्यंत त्र्यंबकला परत यायलाच हवं कारण संध्याकाळी नाशिकरोडहून गाडी आहे आणि त्या दिवशी एसटीला काय गर्दी असते ते माहितीय. प्रश्न एवढाच की रविवारी रात्री निघायचं की पहाटे ४ ला? हिशोब कसा करतात?

पायपीट_नाशिक: सोप्पंय. माणूस ताशी ५ किमी चालतो, २० भागिले ५ म्हणजे ४ तास, वर एक तास विश्रांती. पहाटे ४ ला निघा, ९ ला कुशावर्तावर. मी मागे साडेपाच तासात केली होती.

गिरिजा_ठाणे: ब्रह्मगिरीला पायऱ्या आहेत, वर जायला दीड-दोन तास पुरतात. माकडांपासून सांभाळा, हातात पिशवी ठेवू नका.

धागाकर्ता: ताई, वर चढायचं नाहीये, डोंगराला खालून वळसा घालायचाय :)

घाटवाट: पायपीट, तुम्ही एकटे आणि बहुतेक साध्या दिवशी गेला असाल. तिसऱ्या सोमवारी ५ चा वेग विसरा. सुरुवातीला पहिन्याकडे जाताना रस्ता चांगलाय, तिथे काकू ४ ने चालतील. पण मागच्या बाजूला चिखल, चढउतार, अंधार आणि पुढे माणसांची रांग, तिथे तुमचा वेग तुमच्या हातात नसतो, पुढचा थांबला की तुम्ही थांबलात. तिथे २ च धरा.

आता इथे सगळे एक चूक करतात. ४ आणि २, सरासरी ३, म्हणून २० भागिले ३ म्हणजे पावणेसात तासाच्या आत. तसं नसतं. निम्मं अंतर चांगलं धरलं तर पहिल्या १० किमीला अडीच तास आणि दुसऱ्या १० किमीला ५ तास, झाले साडेसात. हळू चालायच्या भागात वेळही जास्त जातो ना, म्हणून सरासरी खाली येते. तुकडे पाडून वेळ काढायचा आणि मग बेरीज.

त्यात थांबे घाला. दर ५ किमीला १५ मिनिटं म्हणजे तीन थांबे, पाऊण तास. चहा-नाश्त्याला अर्धा तास. आणि जे कोणी मोजत नाही ते म्हणजे बूट काढून चिखल झटकणं, लघवी, बायको मागे राहिली म्हणून वाट बघणं, याचे निदान ४५ मिनिटं. एकूण साडेनऊ. पहाटे ४ ला निघालात तर दीड वाजतो, गाडीचा जीव टांगणीला.

पायपीट_नाशिक: बरं गर्दीचं मान्य. पण साडेनऊ म्हणजे जास्तच होतं हो, बायाबापड्या अनवाणी आपल्याला मागे टाकून जातात.

घाटवाट: जातात, त्या रोज शेतात चालणाऱ्या. काकू किती चालतात ते त्यांच्याच पायांनी ठरेल. एक काम करा, काकूंना सलग ६ किमी चालवा आणि पहिल्या नाही, शेवटच्या किमीला किती मिनिटं लागली ते बघा. पहिला किमी सगळ्यांनाच फसवतो.

चेन्नईकर_मंदार: आम्ही तिरुवन्नामलैला १४ किमी गिरिवलम करतो, म्हणजे तिथल्या डोंगराची प्रदक्षिणा, सगळा सपाट रस्ता, तरी पौर्णिमेला गर्दीत ५ तास जातात, वाटेतल्या आठही लिंगांना थांबत गेलो की त्याहून जास्त. एरवी साडेतीन. दर्शनाच्या रांगेचा वेळ वेगळा धरलाय का कुणी? अंतर निम्मं केलं तरी रांग निम्मी होत नाही.

घाटवाट: बरोबर. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची रांग मी धरलेलीच नाही आणि त्या दिवशी धरताही येत नाही, दर्शन पुढच्या वेळेला ठेवा. वाटेत एक खूण सांगतो: पहिले ५ किमी थांब्यासकट दीड तासात झाले तर हिशोब जुळतोय. दोन तास लागले तर नाश्ता चालता चालता करा, पुढे वेळ भरून निघत नाही, उतारावर घाई केली की पाय घसरतो.

धागाकर्ता: सकाळी आईला चालवलं. पहिला किमी १४ मिनिटं, सहावा १९! म्हणजे रस्त्यावरही ताशी ३ च्या थोडंच वर. अडीचच्या जागी ३ तास १० मिनिटं, एकूण १० तासाच्या पुढे जातंय. रात्री १२ ला निघतोय मग, दोन टॉर्च घेतल्यात. खाजगी गाड्या अलीकडेच अडवतात म्हणे, तर तिथून त्र्यंबकपर्यंतचं कुणी सांगेल का, बस किती वेळाने मिळते रात्री? आणि अनवाणी की बूट यावर घरात भांडण चालूय, आई म्हणते बूट घालून कसली फेरी.

गिरिजा_ठाणे: अनवाणी नको हो, खडी टोचते. आमच्या सासूबाई जाड मोजे घालून गेल्या होत्या, चिखलात मोजेच गेले.